डिजिटल सोनं आणि एफडीची तुलना करणारी ॲप्स : निवृत्तीचे ३२ लाख कुठं ठेवावेत? (कोल्हापूर)

फुलेवाडीकर | ७ डिसेंबर २०२५, सकाळी

नमस्कार मंडळी. मी ६१ वर्षांचा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. घर स्वतःचं आहे, मुलीचं लग्न झालंय, कर्ज नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि आधीची शिल्लक मिळून ३२ लाख हातात आहेत. ईपीएफची पेन्शन महिना ३,२०० रुपये येते. सौ. ५७ वर्षांची आहे, तिचं वेगळं उत्पन्न नाही. पेन्शन सोडून महिन्याला १९-२० हजार आले की आमचं नीट भागतं. फार वाढ नको, पण रक्कम बुडता कामा नये आणि पैसे वेळेवर यायला हवेत.

जावयांनी फोनवर दोन ॲप्स घालून दिली. एकात डिजिटल सोनं आहे, दुसऱ्यात वेगवेगळ्या बँकांच्या एफडी एकाखाली एक दिसतात. त्या यादीत सगळ्यात वर एका स्मॉल फायनान्स बँकेची ५ वर्षांची एफडी आहे आणि तिच्यापुढं १०.०१ टक्के असं ठळक लिहिलंय. मी कागदावर हिशोब मांडला. ३ लाख अडीअडचणीला ठेवून २९ लाख त्यात घातले तर वर्षाला २ लाख ९० हजार, म्हणजे महिना २४ हजारांच्या वर. गरजेपेक्षा जास्तच.

सोन्याचंही बघावं म्हणून परवा २० हजारांचं डिजिटल सोनं घेतलं. घेऊन झाल्यावर सहज 'विका'वर बोट ठेवलं तर स्क्रीनवर १८,८६० रुपये आले. भाव तर तेवढ्यात पडला नव्हता. हे काय झालं? आणि एफडीचा माझा हिशोब बरोबर आहे का, कुणी जाणकारांनी सांगावं.

ओंकार_आयटी | ७ डिसेंबर, सकाळी

काका, घाबरू नका. २० हजारांत ३ टक्के जीएसटी गेला, म्हणून कमी दिसतंय. सोन्यानं गेल्या दोन वर्षांत जे दिलंय ते कुठल्याच एफडीनं दिलेलं नाही. महागाई धरली तर एफडीत हाताला काहीच उरत नाही. माझ्या मते निदान ८-१० लाख सोन्यात असू द्यात. ॲप मोठं आहे, सेबीकडं नोंदलेल्या ब्रोकरचं आहे, त्यामुळं सुरक्षिततेची काळजी नको.

पासबुक | ७ डिसेंबर, दुपारी

ओंकार, तुमचं महागाईचं म्हणणं खरं आहे, पण दोन गोष्टी दुरुस्त करायला हव्यात. काकांचे पैसे त्यावर अवलंबून आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी ३३ वर्षं राष्ट्रीयीकृत बँकेत होतो, शेवटची सहा वर्षं शाहूपुरीत ठेवींचं टेबल माझ्याकडं होतं.

आधी सोनं. २० हजारांतून जीएसटी वजा केला की सोन्यासाठी १९,४१७ रुपये उरतात. नुसता करच कापला असता तर विकताना तेवढे दिसले असते. पण दिसले १८,८६०. मधले साडेपाचशे रुपये म्हणजे घेण्याचा भाव आणि विकण्याचा भाव यांतलं अंतर. डिजिटल सोन्यात कंपनी दोन भाव लावते, तुम्ही घेताना वरचा आणि विकताना खालचा. काकांच्या ॲपवर ते अंतर पावणेतीन टक्क्यांच्या थोडं वर निघतंय. दोन्ही मिळून ११४० रुपये पहिल्याच मिनिटाला गेले. आता सोन्याचा भाव ६ टक्के चढेल तेव्हा कुठं काकांचे २० हजार जागेवर येतील. दुसऱ्या ॲपवर हे अंतर कमी-जास्त असेल. बघायची रीत काकांनीच दाखवली आहे : खरेदीचा आणि विक्रीचा भाव एकाच वेळी उघडून शेजारी लिहायचे.

दुसरी गोष्ट सेबीची. शेअर ब्रोकरांनी डिजिटल सोनं विकू नये असं २०२१ मध्येच एक्स्चेंजनं बजावलं होतं. ८ नोव्हेंबर २०२५ ला सेबीनं जाहीर निवेदन काढून सांगितलं की डिजिटल सोनं त्यांच्या कक्षेत येत नाही आणि तिथं गुंतवणूकदाराला सेबीचं कुठलंच संरक्षण नाही. सोनं तिजोरीत नसतं असं मी म्हणत नाही. एमएमटीसी-पॅम्प, सेफगोल्ड, ऑगमाँट यांच्यासारख्या कंपन्या ते साठवतात आणि ॲप हे बहुतेक वेळा त्यांचं दुकान असतं. पण उद्या काही बिघडलं तर बँकेसाठी जसा लोकपाल आहे तसं दार इथं ठोठावता येत नाही.

एफडीचं संध्याकाळी लिहितो. त्यातली चूक जास्त महाग पडेल. काका, तोवर त्या एफडीवर टिचकी मारून आत बघा. १०.०१ च्या खाली बारीक अक्षरात 'व्याजदर' म्हणून दुसरा आकडा असेल, तो कळवा.

शिरोळकर | ७ डिसेंबर, दुपारी

एवढी ॲपची भानगड कशाला? आमच्या गावच्या पतसंस्थेत ज्येष्ठांना साडेनऊ टक्के देतात. चेअरमन ओळखीचे, अकरा वर्षं माझे पैसे तिथं आहेत, व्याज एक दिवस उशिरा आलेलं नाही. दर महिन्याला शिपाई घरी आणून देतो. सोनं घ्यायचंच तर गुजरीत जाऊन वळं घ्यावं, डोळ्याला दिसतं तरी.

गुजरीतला | ७ डिसेंबर, संध्याकाळी

माझं गुजरीत छोटं दुकान आहे, वडिलांपासून हाच धंदा. गिऱ्हाईक आपल्याकडं यावं असं मलाही वाटतं, पण खरं तेच सांगतो. वळं घेतलंत तरी ३ टक्के जीएसटी आहेच आणि वर मजुरी आहे. नाण्याला मजुरी कमी, दागिन्याला जास्त, साजासारख्या बारीक कामाला तर बरीच. मोडायला आणलंत की मजुरी परत मिळत नाही. म्हणजे ॲपवर जे ११४० गेले त्याच्यापेक्षा दागिन्यात जास्तच जातील. अंगावर घालायचं तर दागिना घ्यावा. महिन्याच्या खर्चासाठी सोनं घेऊ नये. पिवळं असो वा फोनमधलं, त्याला व्याज फुटत नाही. खर्चाला लागलं की विकावंच लागतं आणि त्या दिवशी जो भाव असेल तो घ्यावा लागतो.

ओंकारला एक सांगतो. २०१२ मध्ये तोळा ३१ हजारांच्या आसपास होता, २०१५ मध्ये २६ हजारांच्या आसपास आला. ती तीन वर्षं मी दुकानात बसून बघितली आहेत. आत्ताच्या तेजीत धंद्याला लागलेल्या पोरांना तो काळ ठाऊक नाही.

फुलेवाडीकर | ७ डिसेंबर, संध्याकाळी

पासबुकसाहेब, बघितलं. खाली 'व्याजदर ८.२० टक्के' आहे आणि वरच्या आकड्याखाली 'वार्षिक यील्ड' लिहिलंय. मग १०.०१ कुठून आलं?

पासबुक | ७ डिसेंबर, रात्री

हेच मला हवं होतं. ८.२० टक्क्यांनी, दर तिमाहीला व्याज मुद्दलात मिळवत, १ लाख रुपये ५ वर्षं ठेवले की हातात १,५०,०५८ रुपये येतात. व्याज ५०,०५८. त्याला पाचनं भागलं की १०.०१. आकडा खोटा नाही, पण पाच वर्षं एक रुपयाही न काढणाऱ्यासाठी आहे, आणि चक्रवाढीनं झालेली वाढ सरळ भागाकारानं वाटलेली आहे. तुम्हाला तर पैसे दर महिन्याला हवेत. व्याज काढून घेतलंत की व्याजावर व्याज चढत नाही. शिवाय महिन्याला व्याज देताना बँक तिमाहीच्या दरात थोडी कपात करते.

आता तुमचे २९ लाख घ्या. ८.२० टक्के दरानं महिन्याला साधारण १९,७०० रुपये येतील. तुम्ही धरले होते २४ हजारांच्या वर. म्हणजे महिन्याला साडेचार हजारांची तूट, तीही पैसे पाच वर्षांसाठी गुंतवून झाल्यावर पहिल्या महिन्यात कळली असती. यादीत तुलना करताना हा यील्डचा आकडा सोडून द्या आणि 'मासिक व्याज' हा पर्याय निवडून रुपयांत काय दिसतं तेवढंच बघा.

त्याच यादीत आणखी एक पारखायचं असतं. बँकांच्या मधेच फायनान्स कंपन्यांच्या एफडी असतात, रंगरूप सारखंच. नावात 'बँक' नसेल तर ठेव विम्याचं संरक्षण नाही. बँकेत, स्मॉल फायनान्स बँक असो की सहकारी बँक, एका माणसाला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमा असतो. २९ लाख एकाच स्मॉल फायनान्स बँकेत घातले असते तर २४ लाख उघड्यावर राहिले असते.

शिरोळकर | ८ डिसेंबर, सकाळी

पतसंस्थेलाही विमा असेल की. सहकारीच तर आहे.

पासबुक | ८ डिसेंबर, सकाळी

नाही दादा. सहकारी बँक वेगळी आणि पतसंस्था वेगळी. ठेव विमा महामंडळाचा विमा पतसंस्थेतल्या ठेवीला मिळत नाही. तुमच्या संस्थेत काही खोट आहे असं माझं म्हणणं नाही, मला ती माहीतही नाही. पण पतसंस्थेचे साडेनऊ आणि बँकेचे सात टक्के यांतला फरक कशाबद्दल मिळतो, ते बघून रक्कम ठरवा. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले. ती विमा असलेली बँक होती, तरी ५ लाखांच्या वरच्या ठेवीदारांना उरलेली रक्कम वर्षानुवर्षांच्या हप्त्यांनी मिळायची व्यवस्था झाली. जिथं विमाच नाही तिथं काय होईल, याचा विचार व्हावा.

शिरोळकर | ८ डिसेंबर, सकाळी

अकरा वर्षांचा अनुभव मी टाकून देणार नाही. अडीनडीला रात्री दार उघडणारी माणसं आहेत ती. तरी किती ठेवायचे ते बघतो.

सुनंदाकाकू | ८ डिसेंबर, दुपारी

सगळ्यांचं वाचलं. माझी गोष्ट सांगते, कारण फुलेवाडीकरभाऊंच्या घरीही दोघंच आहेत.

आमच्या ह्यांनी अशाच एका ॲपवरून दोन बँकांत एफडी केल्या होत्या. दर चांगला होता, फसवणूक काही नव्हती. दोन वर्षांपूर्वी हे अचानक गेले. फोन त्यांच्या बोटाच्या ठशावर उघडायचा. पावत्या ईमेलवर, ईमेलचा पासवर्ड त्यांनाच ठाऊक. घरात एक कागद नव्हता. बँकेच्या पासबुकात सव्वाचार लाखांची एक नोंद दिसली म्हणून तरी माग लागला. त्यातल्या एका बँकेची कोल्हापुरात शाखाच नाही. वारस म्हणून माझं नाव होतं, तरी दाखला, अर्ज, सह्यांची पडताळणी, पुण्याला दोन हेलपाटे, असं करत पैसे मिळायला चार महिने गेले. ज्या बँकेत आमची जोडीनं पावती होती तिथं दोन दिवसांत काम झालं.

ॲपवर एफडी करताना दुसऱ्याचं नाव घालायची सोय आहे का, एवढं मात्र आधी बघा. आमच्या वेळी नव्हती.

पासबुक | ८ डिसेंबर, दुपारी

काकू, तुमच्यावर फार वाईट वेळ आली. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. ॲपवर केवायसी व्हिडिओवर एकाच माणसाची होते, म्हणून बहुतेक ठिकाणी एफडी एकट्याच्याच नावावर निघते. एक मात्र खरं, ॲप बंद पडलं तरी ठेव बँकेत असते, ॲपमध्ये नव्हे. पैसे भरताना घेणाऱ्याचं नाव बँकेचंच दिसलं पाहिजे आणि पावती बँकेकडून आली पाहिजे. ती छापून कपाटात ठेवावी.

जोडीच्या नावाचा आणखी एक फायदा आहे. काउंटरवर तीस वर्षांत फार थोड्या लोकांना तो माहीत असलेला पाहिला. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर ५ लाख, बायकोच्या एकटीच्या नावावर ५ लाख, दोघांची पावती नवऱ्याचं नाव आधी ठेवून ५ लाख आणि बायकोचं नाव आधी ठेवून ५ लाख, असे चार वेगवेगळे विमे धरले जातात. नावांचा क्रम बदलला की विम्यासाठी ती वेगळी ठेव होते. एकाच बँकेत दोघांचे २० लाख असे झाकले जातात. पण मर्यादेत व्याजही मोजतात. पाच वर्षांची चक्रवाढ एफडी ८.२० नं करायची तर सुरुवातीला ३ लाख ३३ हजारच घालावे लागतात, तेच शेवटी ५ लाख होतात.

ओंकार_आयटी | ८ डिसेंबर, संध्याकाळी

सेबीचं मला माहीत नव्हतं, मी ब्रोकरच्या नावावर विसंबलो. माझेही ४० हजार डिजिटल सोन्यात आहेत. पण सोनं अजिबातच नको हे मला पटत नाही. काकांना पुढची २५ वर्षं काढायची आहेत, आजच्या २० हजारांत तेव्हा काय येणार? गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात युनिटांनी मिळणारं सोनं, घेतलं तर?

पासबुक | ८ डिसेंबर, संध्याकाळी

तुमचा प्रश्न रास्त आहे. गोल्ड ईटीएफ सेबीच्या देखरेखीखाली आहे, युनिट घेताना ३ टक्के जीएसटी द्यावा लागत नाही. डीमॅट खातं लागतं आणि दरवर्षी थोडा खर्च कापला जातो. दहा-पंधरा वर्षं हात न लावायची रक्कम असेल तर मी डिजिटल सोन्यापेक्षा तेच सुचवीन. पण फुलेवाडीकरांच्या ३२ लाखांतून महिन्याचा खर्च भागवल्यावर तशी रक्कम उरते का, हा खरा मुद्दा आहे.

फुलेवाडीकर, आता तुमच्यासाठी. त्या ॲपच्या यादीत पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना दिसली का? दिसणार नाही. ॲपला बँका आणि कंपन्या कमिशन देतात, पोस्ट देत नाही. २०२३ च्या एप्रिलपासून या योजनेचा दर ८.२ टक्केच आहे, म्हणजे ॲपवर पहिल्या नंबरला असलेल्या बँकेएवढाच, आणि हमी सरकारची. मर्यादा माणशी ३० लाख. एकदा भरलेल्या रकमेचा दर ५ वर्षं बदलत नाही. खातं तुमच्या नावावर आणि दुसरं नाव वहिनींचं घाला. त्या ६० च्या आत असल्या तरी पती-पत्नीच्या जोडखात्याला अडचण नाही, फक्त पहिलं नाव तुमचं हवं.

यात २० लाख घातले तर दर तिमाहीला ४१,००० येतात, महिन्याला १३,६६६ पडतात. वहिनींच्या नावावर पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ९ लाख, दर ७.४ टक्के, तिथून दर महिन्याला ५,५५०. एकूण १९,२०० च्या वर. ३ लाख तुमच्या नेहमीच्या बँकेत, जोडीच्या नावावर, तीन वेगळ्या पावत्या करून, म्हणजे गरज पडली तर एकच मोडता येईल.

ज्येष्ठ योजनेचं व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत येतं. ते एकदम खर्च होऊ नये म्हणून महिन्याला तिसरा हिस्साच काढायची सवय लावावी लागते. दुसरं, पैसे मधेच काढले तर कात्री आहे : पहिल्या वर्षात मोडलं तर व्याज नाही, दुसऱ्या वर्षात मुद्दलाच्या दीड टक्का, त्यानंतर एक टक्का. तिसरं, व्याज वर्षाला १ लाखाच्या वर जातंय म्हणून खातं उघडतानाच आणि दर एप्रिलला १५एच फॉर्म द्या, नाहीतर टीडीएस कापतील. तुमचं सगळं उत्पन्न धरून कर लागत नाही.

फुलेवाडीकर | ८ डिसेंबर, रात्री

२४ हजारांचा आकडा डोक्यात बसला होता. तो धरून मी सौ.ला गॅस एजन्सीजवळच्या खानावळीचा दोन महिन्यांपूर्वी बंद केलेला डबा परत सुरू करू म्हणालो होतो. आता १९ हजारांत बसवू.

एक शंका. सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी करावं लागेल असं डॉक्टर म्हणतात. आरोग्य विमा आहे, पण त्यात गुडघ्याला दोन वर्षं थांबायची अट आहे आणि पॉलिसीला चौदा महिनेच झालेत. ३ लाख पुरतील का?

सुनंदाकाकू | ८ डिसेंबर, रात्री

भाऊ, मग १० महिने थांबता येतं का ते डॉक्टरांना आधी विचारा. नाहीतर २० च्या ऐवजी १८ लाखच पोस्टात घाला. पैसे अडकून पडले की जीव टांगणीला लागतो.

पासबुक | ९ डिसेंबर, सकाळी

काकूंशी सहमत. १८ लाखांचे तिमाहीला ३६,९०० येतील, महिन्याला १,३०० च्या वर कमी पडतील. ऑपरेशन झाल्यावर उरलेले दोन लाख नवं खातं उघडून त्याच योजनेत घालता येतात, दर मात्र तेव्हाचा लागेल. रिझर्व्ह बँकेनं वर्षभरात दर उतरवलेत, बँकांचे ठेवीचे दर खाली आलेत. पोस्टाचे दर सरकार तिमाहीला ठरवतं, जानेवारीत काय होईल ते सांगता येत नाही. १८ लाख घालायचे असतील तर महिना संपायच्या आत घालावेत, असं मला वाटतं.

शिरोळकर | ९ डिसेंबर, दुपारी

पोस्टात सर्व्हर बंद म्हणून परत पाठवतात. पॅन, आधार, दोन फोटो आणि चेक घेऊन सकाळी दहालाच जावा.

फुलेवाडीकर | १२ डिसेंबर, संध्याकाळी

काल हेड पोस्टात जाऊन आलो. १८ लाखांचं खातं दोघांच्या नावावर झालं, १५एच तिथंच भरून दिला. सौ.च्या नावाचं मासिक खातं सोमवारी होईल, तिच्या आधारवर जुना पत्ता होता. एफडीचं ॲप काढून टाकलेलं नाही. आमच्या बँकेचा दर बरोबर आहे का ते बघायला ठेवलंय, पण यील्डकडं बघत नाही. सगळ्या पावत्यांची यादी वहीत लिहून सौ.ला वाचून दाखवली. तिनं दोन प्रश्न विचारले ते मला सुचले नव्हते, वारसाची नोंद झाल्याचा कागद कुठं आहे आणि पोस्टाचं पासबुक कुणाच्या सहीनं मिळतं. दोन्हींची उत्तरं वहीत घातली.

डिजिटल सोनं तसंच आहे. आज विक्रीचा भाव लावून १९,१०० दिसतंय. विकून टाकावं की नातीच्या बारशाला नाणं म्हणून मागवावं? मागवलं तर घडणावळ आणि पोच करायचा खर्च वेगळा दाखवतात. गुजरीतले दादा, तुमच्याकडं तेवढ्याच वजनाच्या नाण्याला एकूण किती पडतील?

गुजरीतला | १२ डिसेंबर, रात्री

ॲपवर किती ग्रॅम जमा आहे ते नेमकं सांगा, आणि नाणं मागवायचा खर्च रुपयांत किती दाखवतात तेही. शनिवारी दुकानात या, त्या दिवशीच्या भावानं दोन्ही हिशोब कागदावर मांडू. आणि विकून नवं घ्यायचं झालं तर जीएसटी परत एकदा भरावा लागेल, हे धरून चला.